व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा, पण कोणते शब्द सोडायचे नाहीत?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दहावीच्या मुलांना एकीकडे ‘घोकंपट्टी करू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा’ असे सांगितले जाते आणि दुसरीकडे स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या व्याख्येचे गुण कापले जातात. पालक मग वैतागून पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे पाठ करून घेतात. आमच्या मते दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. व्याख्येतले काही शब्द अर्थाचा भार उचलतात, ते बदलता येत नाहीत. बाकीचे वाक्य जोडण्यापुरते असतात, ते हवे तसे बदलावेत. कोणता शब्द कुठल्या प्रकारचा हे ओळखायला मुलांना कोणी बसून शिकवत नाही, अडचण तिथे आहे.

दहावीच्या विज्ञानातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. त्यातला न्यूटनचा नियम घेऊ. वर्गात भरपूर दिसणारे ‘स्वतःच्या शब्दांतले’ उत्तर असे असते: ‘जगातल्या सगळ्या वस्तू एकमेकींना ओढतात. वस्तू जितक्या जड तितकी ओढ जास्त आणि जितक्या लांब तितकी कमी.’ मुलाला कल्पना कळलेली आहे यात शंका नाही. तरीही हे उत्तर अपुरे आहे, आणि त्याला पुस्तकातली भाषा नाही हे त्याचे कारण नव्हे.

कारण तपासायला सोपा उपाय आहे. लिहिलेल्या वाक्यावरून सूत्र परत मांडता येते का ते पाहायचे. सूत्र आहे F = G m₁m₂/d². वरच्या उत्तरातून एवढेच कळते की वस्तुमान वाढले की बल वाढते आणि अंतर वाढले की कमी होते. वस्तुमानांचा गुणाकार घ्यायचा की बेरीज, हे त्यात कुठेच नाही. 2 आणि 3 किलोग्रॅमच्या दोन वस्तू घ्या. पहिलीचे वस्तुमान दुप्पट केले तर गुणाकार 6 वरून 12 होतो, म्हणजे बल नेमके दुप्पट. बेरीज मात्र 5 वरून 7 होते. म्हणून ‘गुणाकार’ हा शब्द हलवता येत नाही. ‘वर्ग’ या शब्दाचेही तसेच. अंतर दुप्पट केले की बल निम्मे होत नाही, पाव होते. ‘लांब गेले की कमी’ या वाक्यात निम्मे, पाव आणि एक-अष्टमांश तिन्ही बसतात. ‘समानुपाती’ आणि ‘व्यस्तानुपाती’ या शब्दांऐवजी ‘जास्त’ आणि ‘कमी’ का चालत नाही, तेही इथेच कळते.

‘जड’ या शब्दात वेगळीच गफलत आहे. बोलताना जड म्हणजे वजनदार. पण वजन जागेप्रमाणे बदलते, चंद्रावर ते सुमारे एक-षष्ठांश होते. वस्तुमान कुठेही तेवढेच राहते, आणि नियमात वस्तुमान आहे. घरगुती मराठीत सरमिसळ चालते अशा जोड्या विज्ञानात बऱ्याच आहेत: वेग आणि चाल, उष्णता आणि तापमान, बल आणि शक्ती, अंतर आणि विस्थापन. सोपे करून लिहायला बसलेले मूल नेमके इथेच घसरते, कारण त्याला हे समानार्थी शब्द वाटतात. या जोड्यांची वेगळी यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावी.

मग त्याच नियमात बदलायचे काय? बरेच काही. हे पाहा: ‘विश्वातील कोणत्याही दोन वस्तू घेतल्या तरी त्या एकमेकींना आकर्षित करतात. हे बल किती असेल ते दोन गोष्टींवर ठरते. ते त्या वस्तूंच्या वस्तुमानांच्या गुणाकाराशी समानुपाती असते, आणि त्यांच्यातील अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती असते.’ वाक्ये तोडली, मांडणी बदलली, क्रियापदे आपली वापरली. पण विश्व, बल, वस्तुमान, गुणाकार, समानुपाती, अंतराचा वर्ग आणि व्यस्तानुपाती हे सगळे जागेवर आहेत. कोणताही परीक्षक याला पूर्ण गुण देईल, आणि मुलाला हे पुस्तकातल्या लांब वाक्यापेक्षा चांगले आठवेल.

स्वतःच्या शब्दांत लिहिताना भर घालण्याचा मोहही होतो, त्यात चूक शिरते. ‘अंतर’ याचे कोणी ‘दोन पृष्ठभागांमधील अंतर’ असे करते. तसे असेल तर जमिनीवर पडलेल्या दगडाचे पृथ्वीपासूनचे अंतर शून्य होईल. गोलाकार वस्तूंसाठी अंतर केंद्रापासून धरतात, म्हणून दगडासाठी ते पृथ्वीची त्रिज्या, सुमारे 6400 किलोमीटर, असते. खात्री नसेल तर शब्द वाढवू नये.

सराव करायची रीत अशी. पुस्तकातली व्याख्या डाव्या पानावर उतरवावी. एकेक शब्द बोटाने झाकून विचारावे, ‘हा नसला तर चुकीची गोष्ट यात बसेल का?’ बसत असेल तर त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारावी. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून उजव्या पानावर आपल्या शब्दांत लिहावे आणि तपासताना फक्त रेघ मारलेले शब्द पाहावेत. गाईडमध्ये ठळक छापलेल्या शब्दांवर विसंबू नये. तिथे बहुधा संज्ञेचे नाव ठळक असते आणि अट साध्या अक्षरात राहते.

अटीच सर्वांत जास्त गळतात. वितळणाचा विशिष्ट अप्रकट उष्मा घ्या. ‘स्थायूचा द्रव होताना शोषली जाणारी उष्णता’ एवढेच लिहिले तर ‘विशिष्ट’ या शब्दाला आधार उरत नाही. एक ग्रॅम बर्फाला सुमारे 80 कॅलरी लागतात आणि दहा ग्रॅमला 800, मग यातला कोणता आकडा? ‘एकक वस्तुमानाच्या’ हे शब्द तेवढ्यासाठी आहेत. ‘स्थिर तापमानाला’ हे गाळले तर बर्फ आधी तापवण्यात गेलेली उष्णताही त्यात मोजली जाईल. संज्ञेच्या नावात ‘विशिष्ट’ दिसले की व्याख्येत ‘एकक वस्तुमान’ शोधायचे, ही खूण मुलांना विशिष्ट उष्माधारकतेलाही उपयोगी पडते.

काही व्याख्या मात्र पाठच कराव्यात. एक किलोकॅलरीच्या व्याख्येत 14.5 ते 15.5 अंश सेल्सिअस हे आकडे आहेत. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता तापमानानुसार किंचित बदलते म्हणून एक ठरावीक अंश निवडलेला आहे. तिथे आपल्या शब्दांना फारशी जागाच नाही.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. घटक चाचणीत व्याख्येचा अर्धा गुण कापला तर कोणता शब्द गळला ते समासात लिहावे, आणि जमल्यास तो नसल्याने कोणती चुकीची गोष्ट आत शिरते तेही. नुसत्या लाल रेघेवरून मुले एवढेच शिकतात की पुस्तकातले वाक्य बदलायचे नाही.

आपले,
माध्यमिक शाळेतील दोन विज्ञान शिक्षक, सातारा