उलटतपासणीच्या आधी

प्रिय विलास,

तुझं पाकीट मिळालं. अहवाल दोनदा वाचला. ‘आवाज जुळतो असं लॅबनं लिहून दिलंय, आता मी विचारू काय?’ हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यातला नव्हता, म्हणून पत्र लिहायला बसलो. खंडणीचा तो फोन तुझ्या अशिलानं केला की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण अहवाल जेवढं सिद्ध करतो त्यापेक्षा जास्त बोलतोय, एवढं नक्की.

पहिला मुद्दा त्यांनी असा मांडलाय: फोनवरचा माणूस ‘काळ्या बॅगे’ला ‘काया बॅग’ म्हणतो, आणि ठाण्यात घेतलेल्या नमुन्यातही ‘ळ’चा ‘य’ झालाय. अरे, तुमच्या वऱ्हाडी पट्ट्यात निम्मा बाजार ‘डोया’ आणि ‘काया’ म्हणतो! हे साम्य माणसाचं नाही, मुलखाचं आहे. फोन करणारा तुमच्याकडचा असावा, इतकंच त्यातून निघतं. मुंबईच्या तज्ज्ञाला ते ठळक वाटलं, कारण त्याच्या कानाला ते नवं आहे.

मुलूख ओळखणं आणि माणूस ओळखणं यांतली गल्लत किती महाग पडते, याचं इंग्लंडमधलं उदाहरण तुला माहीत असायला हवं. जून १९७९मध्ये यॉर्कशायरमधल्या खुनांचा तपास करणाऱ्या पोलिसांना एक टेप आली. ‘मी जॅक’ म्हणत एक माणूस त्यात पोलिसांची टर उडवत होता. लीड्स विद्यापीठातले बोलींचे अभ्यासक स्टॅन्ली एलिस यांनी ती ऐकून बोली थेट संडरलंडमधल्या कॅसलटाउन या वस्तीपर्यंत नेऊन पोचवली. ते आणि त्यांचे सहकारी जॅक विंडसर लुईस यांनी पोलिसांना सावधही केलं होतं की ही टेप बनावट असू शकते. तपास मात्र त्या बोलीलाच चिकटून राहिला, आणि ज्याची बोली तशी नाही तो संशयातून सुटत गेला. खरा खुनी पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डकडचा होता. जानेवारी १९८१मध्ये तो पकडला जाईपर्यंत आणखी तीन बायकांचे जीव गेले.

टेपवाला जॉन हंबल सापडला तो २००५मध्ये, पाकिटावरच्या लाळेतल्या डीएनएवरून. तो संडरलंडचाच निघाला. म्हणजे एलिस यांचा कान अचूक होता. पण आवाजावरून माणूस कुठला ते कळलं, तो खरं बोलतोय की नाही ते कळणार नव्हतं. आणि बोलीनं परिसर दाखवला, घर दाखवलं ते डीएनएनं.

आता मोजमापांकडे येतो. अहवालात स्वराची सरासरी पट्टी दोन्हीकडे ११० हर्ट्झच्या आसपास दाखवलीये आणि पुढे ‘साम्य आहे’ असा शेरा. पुरुषांची पट्टी साधारण तिथेच घोटाळते. केंब्रिजमध्ये एकाच बोलीच्या शंभर तरुण पुरुषांचे आवाज मोजले होते, त्यांची सरासरी १०६च्या आसपास आली. त्यामुळे ११० जुळणं म्हणजे दोघांची उंची साडेपाच फूट भरणं. दोन्हीकडे ७५ किंवा १७० निघाले असते, तर मी खुर्चीत सावरून बसलो असतो. शिवाय पट्टी रागानं चढते, गोंगाटात चढते, आणि धमकी कुणी शांतपणे देत नाही.

त्याहून कामाचे असतात फॉर्मंट. घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचा आकार काही वारंवारता उचलून धरतो, त्या ह्या. पोकळीची लांबी ज्याची त्याची आणि जिभेच्या सवयीही ज्याच्या त्याच्या, म्हणून फॉर्मंटमध्ये माणूस थोडा दिसतो. पण इथेच फोन आडवा येतो. साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे जाऊ देतो. पुरुषाच्या ‘ई’चा पहिला फॉर्मंट ३००च्या आसपास, म्हणजे नेमका कुंपणावर. त्याची खालची बाजू छाटली गेली की मोजणारं सॉफ्टवेअर आकडा वर ढकलतं. ‘आ’चा पहिला फॉर्मंट ७००च्या आसपास, त्याला फारसा धक्का लागत नाही. मोबाइलचं आवाज दाबून पाठवणंही गोंधळ घालतं: इंग्लंडमधल्या एका प्रयोगात मोबाइलवरून आलेले पहिले फॉर्मंट सरासरी २९ टक्के वर सरकलेले दिसले.

आता तुझ्या अहवालातला तक्ता काढ. ‘ई’ आणि ‘ऊ’ फोनवर वर सरकलेत, ‘आ’ जागेवर आहे. माणूस वेगळा असल्याची ही खूण नव्हे, फोनची आहे. तेव्हा ‘बघा, आकडे जुळत नाहीत’ म्हणून हा तक्ता कोर्टात फडकवू नकोस, सरकारी वकील तुलाच उताणा पाडेल. ‘स’चंही तसंच. त्याचा जोर बहुतेक ४०००च्या वर असतो, म्हणजे फोनवर तो कापलाच जातो. तरी अहवालात ‘स’ची तुलना आहे! कशाची कशाशी केली, हे मात्र जरूर विचार.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. माणूस अडखळताना जो ‘अं…’ काढतो, तो फार उपयोगी असतो. तिथे कुणाचं लक्ष नसतं, स्वर लांब आणि स्थिर असतो, मोजायला सोपा. फोनच्या चाळीस सेकंदांत असे चांगले पाच-सहा ‘अं’ आहेत. आणि नमुना? कागद पुढे ठेवून वाचून घेतलेला. वाचताना कोण अडखळून ‘अं’ म्हणतं? म्हणजे ज्यावर तुलना खरी झाली असती, ती गोष्ट नमुन्यात आलीच नाही. वाचण्यात वेग बदलतो, थांबे बदलतात, ‘ळ’सुद्धा पुस्तकी होण्याचा धोका असतो. नमुना मोकळ्या गप्पांचा, शक्यतो फोनवरूनच घेतलेला हवा होता. दंडाधिकारी नमुना द्यायला लावू शकतात हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये सांगितलंय, ते तुला माझ्यापेक्षा नीट माहीत. कसा घ्यायचा, यावर भांडायला जागा आहे.

तुझा मुख्य प्रश्न मात्र एकच असू दे: ‘हे साम्य दुसऱ्या किती जणांत सापडलं असतं?’ समज, आवाज त्याचाच असेल तर एवढं साम्य दिसण्याची शक्यता शंभरात ऐंशी. आणि आवाज त्याच भागातल्या दुसऱ्या कुणाचा असेल तर शंभरात चाळीस. भागाकार आला दोन. पुरावा आहे, पण दुबळा. दुसरा आकडा चाळीसऐवजी एक असता, तर भागाकार ऐंशी झाला असता. अहवालात दुसरा आकडा कुठेच नाही. तो काढायला तुलनेसाठी वऱ्हाडी बोलणाऱ्या पुरुषांचे आवाज लागतात. पुण्याचे आवाज घेऊन तो काढला, तर प्रत्येक ‘काया’ आरोपीच्या माथी बसेल. आणि भागाकार दोन म्हणजे ‘तो दुप्पट दोषी’ नव्हे, हे न्यायाधीशांसमोर मुद्दाम उच्चारून घे.

शेवटच्या पानावर शेजारी शेजारी डकवलेली स्पेक्ट्रोग्रामची, म्हणजे आवाजातल्या वारंवारता क्षणाक्षणाला कशा बदलतात ते दाखवणारी, चित्रं बघून घाबरू नकोस. बेल लॅब्जच्या लॉरेन्स केर्स्टा यांनी १९६२मध्ये या चित्रांना ‘व्हॉइसप्रिंट’ म्हणत ९९ टक्क्यांवर अचूकतेचा दावा केला होता. बोटांच्या ठशांसारखं नाव दिलं की ठशांसारखा विश्वास आपोआप चिकटतो. पण ठसा बदलत नाही, आणि एकच माणूस एकच शब्द दोनदा तंतोतंत सारखा उच्चारत नाही. चित्रांवर नुसती नजर फिरवून निकाल देण्याच्या त्या पद्धतीविरुद्ध आवाजाच्या न्यायवैद्यक अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००७मध्ये ठराव केलाय. तज्ज्ञानं चित्रं आधी मोजली की आधी मत बनवलं, एवढं विचार. आणि तपास अधिकाऱ्यानं ‘आरोपीनं कबुली दिलीये’ असं त्याच्या कानावर आधीच घातलं होतं का, हेही.

एक काम कर. तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप पुन्हा दाबली गेलीये, तिच्यावर मी काही मोजणार नाही. जप्त फोनमधली मूळ फाइल आणि नमुन्याची मूळ फाइल, दोन्हींची प्रमाणित प्रत कोर्टाकडून माग. पुढच्या तारखेच्या आधी मिळाली तर ‘अं’ मी स्वतः मोजून बघतो. आकडे तुझ्या अशिलाच्या विरुद्ध गेले, तरी तसेच सांगेन. चालणार असेल तरच पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल