गल्लीच्या तोंडाशी पाटी, गाळ्याच्या दारावर क्रमांक : सर्व गाळेधारक सभासदांना आवाहन

सर्व सभासद बंधू-भगिनींस सप्रेम नमस्कार.

आपल्या वसाहतीत रस्त्यावरचे दिवे नव्हते, तेव्हा संध्याकाळची पाळी सुटली की कामगारांना टॉर्च घेऊन चालावे लागे. त्या वेळी ज्यांनी स्वतःच्या फौंड्रीतले पाइप कापून खांब उभे केले, ज्या पॅटर्नवाल्या मिस्त्रींनी पहिल्या पाट्यांची अक्षरे फुकट कोरून दिली आणि ज्या पेंटरने दोन रविवार शिडीवर बसून ती रंगवली, त्यांचे ऋण संघटना विसरलेली नाही. त्यांतले काही आज हयात नाहीत. त्यांच्या पाट्यांपैकी दोन-तीन गंजलेल्या अवस्थेत अजून उभ्या आहेत आणि आजही बाहेरचा माणूस त्यांच्याच आधाराने वाट काढतो, हे थोडे अभिमानाने आणि बरेचसे संकोचाने लिहीत आहे.

अडचण कुठे आहे, ती एका पत्त्यावरून पाहू. समजा चलनावर ‘गाळा ७, प्लॉट सी-४२/२, तिसरी गल्ली, एमआयडीसी, कोल्हापूर’ असे लिहिले आहे. यात वसाहतीचे नावच नाही. शिरोली पुण्याच्या बाजूला, तर गोकुळ शिरगाव कागलच्या बाजूला आहे. दोन्ही महामार्गालगत असून प्लॉटची अक्षरे दोन्हीकडे तीच येऊ शकतात. नुसता पिनकोड असता, तरी शिरोलीचा ४१६१२२ आणि गोकुळ शिरगावचा ४१६२३४ यावरून उलगडा झाला असता.

गाडी आपल्या वसाहतीत आली, तरी ‘तिसरी’ हा शब्द घात करतो. प्लॉटचा क्रमांक महामंडळाने दिलेला असतो आणि तो वाटपपत्रात व भाडेकरारात लिहिलेला असतो. गल्लीचा क्रमांक मात्र आपणच तोंडी ठरवलेला आहे. महामार्गाकडच्या कमानीतून मोजणाऱ्याची तिसरी गल्ली आणि गावाकडच्या फाटकातून येणाऱ्याची तिसरी गल्ली एक नसते. म्हणून गल्ली मोजण्याआधी लागोपाठचे दोन प्लॉट शोधावेत व क्रमांक कोणत्या दिशेने चढतात ते पाहावे, एवढेच आपण फोनवर सांगू शकतो.

पुढचा घोटाळा ‘/२’ चा. मूळ सी-४२ चे विभाजन झाले, पुढचा भाग /१ आणि मागचा /२ झाला, आणि मागच्या भागाचे फाटक पलीकडच्या गल्लीत उघडले. चालकाला सी-४१ व सी-४३ दिसतात, मधले फाटकही दिसते, आणि तो तिथेच हॉर्न वाजवत उभा राहतो. भाडेकरारातील चतुःसीमा वाचली, तर कोणत्या बाजूस रस्ता व कोणत्या बाजूस शेजारचा प्लॉट हे कळते. पण तो कागद मालकाच्या कपाटात असतो, चालकाच्या हातात नसतो.

शेवटी गाळा. एकाच प्लॉटमध्ये दोन शेड असतील, तर दोन्हींत क्रमांक एकपासून सुरू होतात, म्हणजे सात नंबरचे गाळे दोन. गेल्या पावसाळ्यात एका सभासदाच्या कास्टिंगचा टेम्पो असाच दुसऱ्या शेडच्या सात नंबरसमोर उतरवला गेला. मशीनशॉपवाल्याने माल आपलाच समजून दोन नग चकवर चढवलेही होते. जुन्या भाडेकरूचा फलक तसाच असल्याने नावावरूनही फरक कळला नाही. ज्या शेडच्या मीटरपेटीवर गाळ्यांचे क्रमांक व सध्याची नावे रंगवलेली आहेत, तिथे असा प्रकार सहसा होत नाही. मोबाइलच्या नकाशावरची खूणही पुष्कळदा जुन्या कारखान्यावर किंवा थेट कमानीपाशी पडते, त्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही. फर्नेसवरून उडालेल्या ठिणगीने आग लागली, तर अग्निशमन गाडीलाही याच गल्ल्या मोजाव्या लागतील.

यासाठी प्रत्येक गल्लीच्या दोन्ही तोंडांशी ‘या गल्लीत सी-३८ ते सी-४९; सी-४२/२ चे फाटक पलीकडच्या गल्लीत’ अशी पाटी आणि प्रत्येक शेडवर अ, ब असे अक्षर लावून ‘ब-७’ असा गाळा क्रमांक द्यावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. गेल्या वर्षी याच विषयाचे पत्रक घरोघर नव्हे, गाळोगाळी दिले होते. उत्तरे आली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि बैठकीला चहा उरला. यंदा तसे होऊ नये, ही विनंती.

पाइप, पत्रा, रंग, वेल्डिंगची मजुरी किंवा रोख, काहीही चालेल; रोख रकमेची पावती मिळेल. सोबत आपला प्लॉट (विभाजन असल्यास तिरप्या रेघेनंतरच्या अंकासह), शेड, गाळा, फाटक कोणत्या गल्लीत व सध्याच्या वापरकर्त्याचे नाव एका कागदावर लिहून संघटनेच्या कार्यालयात सायंकाळी ५ ते ७ या वेळेत (सोमवारी साप्ताहिक सुट्टी) आणून द्यावे. पोटभाडेकरू असल्यास मालकाची सही घ्यावी. खंडेनवमीच्या आधी पाट्या उभ्या करायच्या असल्याने घटस्थापनेनंतर आलेली माहिती या खेपेस रंगवता येणार नाही.

आपला,
सचिव