काच फुटली, फोडली की फोडण्यात आली?

महोदय,

बातमीत ‘करण्यात आले’ असे लिहिले की आपण कोणाचे नाव घेतले नाही, म्हणजे तटस्थ राहिलो, असा समज आपल्या दैनिकातल्या बातम्यांतही वरचेवर दिसतो. मराठीत तो खरा ठरत नाही.

‘बसची काच फोडण्यात आली’ हे वाक्य पाहा. यात कर्त्याचे नाव नाही, पण कर्ता आहे. काच कोणीतरी फोडली आणि जाणूनबुजून फोडली, हे दोन्ही दावे या वाक्यात येतात. वार्ताहराने घटनेनंतर रस्त्यावर नुसता काचांचा सडा पाहिला असेल, तर दोन्ही दावे त्याच्या माहितीपलीकडचे आहेत. त्याला खात्रीने लिहिता येईल ते ‘बसची काच फुटली’ किंवा त्याहून नेमके, ‘काच फुटलेली आढळली’.

फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत. भिंत पडली आणि भिंत पाडली, दुकान जळाले आणि दुकान जाळले, यांत तर फक्त एका कान्याचा किंवा त्याच्या जागेचा फरक, आणि त्यावर अपघात की कृत्य हे ठरते. उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. यंत्र लावून भिंत पाडताना सगळ्यांनी पाहिले असताना ‘भिंत पडली’ लिहिले, तर पाडणारा बातमीतून नाहीसा होतो.

‘कर्तरी लिहा, कर्मणी टाळा’ हा सरसकट दिला जाणारा सल्लाही इथे फारसा कामाचा नाही. ‘पोलिसांनी मोर्चा अडवला’ हा शालेय व्याकरणाप्रमाणे कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद मोर्चाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘पोलिसांनी आंदोलकांना अडवले’ हा भावे प्रयोग. दोन्हींत अडवणारे कोण हे स्वच्छ दिसते. म्हणून वार्ताहराने प्रयोगाचे नाव शोधत बसू नये. करणारा वाक्यात आहे का, आणि नसेल तर का नाही, एवढे पाहावे.

एक कल्पित बातमी घेऊ: ‘मोर्चादरम्यान दगडफेक करण्यात आली. त्यानंतर लाठीमार करण्यात आला. त्यात एका बसची काच फोडण्यात आली व एक तरुण जखमी झाला. परिस्थिती नियंत्रणात आणण्यात आल्याचे सांगण्यात आले.’ समजा, वार्ताहराच्या वहीत एवढ्या नोंदी आहेत: दगड मोर्चाच्या मागच्या बाजूने आले, मारणारे दिसले नाहीत. लाठीमाराचा आदेश निरीक्षकांनी दिला, तो ऐकू आला. काच फुटताना कोणी पाहिले नाही. तरुणाच्या डोक्याला जखम आहे, पोलिसाची काठी लागली असे तो सांगतो, डॉक्टरांनी फक्त 4 टाके घातल्याचे सांगितले. शेवटचे वाक्य नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्याचे आहे.

आता प्रत्येक ‘ण्यात आले’पुढे ‘कोणी?’ असे विचारून उत्तर समासात लिहायचे. दगडफेकीपुढे ‘माहीत नाही’ येते. मग तेच वाचकाला सांगावे. नुसते ‘दगडफेक करण्यात आली’ वाचले की वाचक स्वतःच मोर्चेकऱ्यांचे नाव भरतो, कारण आधीच्या शब्दांत तेच आहेत. रिकामी जागा वाचक रिकामी ठेवत नाही, जवळचा कर्ता उचलून तिथे बसवतो.

लाठीमारापुढे उत्तर ‘पोलिसांनी’ हे आहे. तो शब्दच पोलिसांचा, त्यामुळे ते न लिहिल्याने काही लपत नाही. लपतो तो आदेश देणारा, आणि चौकशीत पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच असतो. काठी चालवणारा आणि चालवायला सांगणारा हे दोन वेगळे कर्ते आहेत. दोन्ही माहीत असतील तर दोन्ही लिहावेत.

काचेबाबतीत ‘फोडण्यात’ काढावे लागेलच, पण त्याआधीचा ‘त्यात’ही काढावा लागेल. या दोन अक्षरांनी काच आणि जखम दोन्ही लाठीमाराच्या खात्यावर टाकली, आणि तसा पुरावा वहीत कुठेच नाही. सगळी बातमी पुन्हा लिहिली तर अशी होते:

‘मोर्चाच्या मागच्या बाजूने दगड आले, ते कोणी मारले हे कळलेले नाही. त्यानंतर निरीक्षकांच्या आदेशावरून पोलिसांनी लाठीमार केला. रस्त्यावरच्या एका बसची काच फुटलेली आढळली. एका तरुणाच्या डोक्याला जखम झाली असून डॉक्टरांनी 4 टाके घातले. आपल्याला पोलिसाची काठी लागल्याचे तरुणाने सांगितले. परिस्थिती नियंत्रणात असल्याचे पोलीस नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्याने सांगितले.’

वीस-बावीस शब्द वाढले हे खरे. पण तरुणाच्या वाक्यात काय झाले ते बघावे. काठी कोणी मारली हे सिद्ध नाही, म्हणून ‘पोलिसांनी तरुणाला मारले’ असे लिहिता येत नाही, आणि ‘तरुणाला मारण्यात आले’ यानेही प्रश्न सुटत नाही. इथे खात्रीची क्रिया ‘सांगितले’ ही आहे आणि तिचा कर्ता माहीत आहे, म्हणून कर्ता तिथे ठेवला. आरोपाच्या प्रत्येक बातमीत हीच वाट घ्यावी. ‘लिपिकाने रक्कम हडप केली’ हा न्यायालयाच्या आधीच दिलेला निकाल झाला. ‘रक्कम हडप करण्यात आली’ यात नाव गेले, तरी अपहार झाला हे गृहीतच धरले. ‘लिपिकाने रक्कम हडप केल्याचा आरोप व्यवस्थापकांनी तक्रारीत केला आहे’ यातला प्रत्येक शब्द कागदावर दाखवता येतो.

‘कडून’ लावून काम भागवणाऱ्यांनी विशेष जपावे. ‘कर्मचाऱ्यांकडून पैसे गोळा करण्यात आले’ या वाक्यात कर्मचाऱ्यांनी पैसे गोळा केले की त्यांनी ते दिले? दोन्ही अर्थ बरोबर निघतात, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. घेणे, मागणे, वसूल करणे, मिळवणे अशा क्रियापदांबरोबर हा घोटाळा हमखास होतो. तिथे ‘ने’ किंवा ‘नी’ लावून करणारा मोकळा करावा: ‘कर्मचाऱ्यांनी ग्राहकांकडून पैसे गोळा केले’. याच ‘कडून’चे आणखी एक रूप आहे. ‘चालकाकडून काच फुटली’ म्हटले की ती चुकून फुटली, असे मराठी कान ऐकतो. हेतू माहीत नसताना ही सूटही देऊ नये.

कर्ता गाळणे योग्य असते अशाही जागा आहेत. ‘पुलावरची वाहतूक सकाळी 6 वाजता सुरू करण्यात आली’ यात अडथळा कोणत्या शिपायाने हलवला याचे वाचकाला काही नाही, त्याला वेळ हवी आहे. घर फोडणारा कोण हे माहीत नाही, पण कुलूप कापलेले आहे, तेव्हा ‘कुलूप कापण्यात आले’ हेच नेमके, कारण कुलूप आपोआप कापले जात नाही.

‘असे सांगण्यात आले’ याला मात्र अशी जागा क्वचितच मिळते. सांगणारा वार्ताहराला नेहमीच माहीत असतो. त्याने नाव न छापण्याची अट घातली असेल, तरी ‘बैठकीला हजर असलेल्या एका अधिकाऱ्याने सांगितले’ एवढे लिहिता येते. तेही लिहिता येत नसेल, तर ते वाक्य छापण्याआधी संपादकीय विभागाने वार्ताहराला ‘कोणी?’ हे विचारावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक