चौथा शब्द

प्रिय मंदे,

तुझी दोन पत्रं टेबलावर पडून आहेत, आणि तिसरं तू आपणहून टाकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तब्येत बरी, गुडघा तसाच, आईही बरी. आता ऐक. जे झालंय ते फक्त तुलाच सांगता येईल, कारण पिण्याच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांवरून माझं दुसऱ्या कुणाशी भांडण झालेलं नाही.

आमच्या संस्थेने सभासदांसाठी धान्य साठवायच्या हवाबंद पिशव्या आणल्या. बाहेरून नेहमीचं विणलेलं पोतं, आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकीत एक. त्यावर एक मिनिटाचा रील लिहून दे, म्हणाले, बांधावर बसून गप्पा मारल्यासारखा. मला कोण आनंद! पहिल्या खर्ड्यात मी सुरुवातच केली ती 1980च्या दशकापासून: पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळी भुंगेऱ्यापासून वाचवायला ही युक्ती कशी बसवली, वगैरे. चेअरमनकाकांनी घड्याळ लावलं. सात सेकंद. म्हणाले, "तीन सेकंदांत लोकांचा अंगठा फिरतो, आणि तू आफ्रिकेत निघालीस?" खरं होतं. एका मिनिटात सावकाश बोललं तर सव्वाशेच्या आतच शब्द बसतात, आणि पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. मग कापत गेले. कापता कापता शेवटी तीन शब्द उरले: "भरा, बांधा, विसरा!"

आणि ते चालले गं. पोरं एकमेकांना दप्तरं भरताना म्हणायला लागली. संस्थेच्या टेम्पोच्या मागे पिवळ्या रंगात रंगवून घेतले. मी दोन आठवडे हवेत.

परवा एक मावशी पिशवी घेऊन ऑफिसात आल्या. हरभरा भरला होता. गळा सोडला तर आंबूस-कुबट वास आला. त्यांनी आत हात घालून मूठभर काढला, तो मुठीतून सुटेना. दाणे एकमेकांना चिकटलेले, मधे हिरवट-करडी बुरशी. ना ओरडल्या, ना रागावल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. भरलं, बांधलं, विसरले."

मंदे, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिशवीत काही खोट नव्हती. ती काम करते ते असं: आत राहिलेला भुंगेरा, त्याची अळी श्वास घेतात, आणि तेवढ्यानेच आतला प्राणवायू काही दिवसांत उतरतो. तो उतरला की कीड खायची थांबते. किडीला पाणी मिळतं ते कोरड्या दाण्यातून नाही, खाल्लेलं अन्न प्राणवायूवर जाळून तिच्या अंगातच ते तयार होतं. तेच बंद पडलं की ती सुकून मरते. गोळ्या नकोत, पावडर नको. पण जे प्लास्टिक हवा आत येऊ देत नाही, ते ओलावा बाहेरही जाऊ देत नाही. साध्या पोत्यात दमट हरभरा निदान विणीतून थोडा सुकला असता. इथे तो ओलावा घेऊन कोंडला गेला. पिशवी कीड मारते, धान्य वाळवत नाही.

आणि "वाळवा" हा शब्द माझ्या दुसऱ्या खर्ड्यात होता. "वाळवा, भरा, बांधा, विसरा." चार शब्दांनी ठेका मोडत होता, म्हणून मी काढला. मी. काकांनी नव्हे.

हस आता. पथनाट्यात तुझं "थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबा" मी असंच ठेक्यासाठी कापलं होतं, आणि प्रयोगानंतर एका बाईंनी विचारलं होतं, "लगेच प्यायचं ना?" तू मेकअप न पुसता घरोघर सांगत फिरलीस, आणि माझ्याशी आठ महिने बोलली नाहीस. मला तेव्हा तो तुझा आगाऊपणा वाटला होता. (ढोलकीवाला माझ्या बाजूने होता, हे मात्र अजूनही खरं.)

तर नवा रील लिहिलाय. मोठ्याने वाच आणि वेळ लाव:

"मावशी, थांबा! पिशवी नंतर, आधी मीठ आणा.
कोरड्या बाटलीत थोडं कोरडं मीठ टाका, वर मूठभर दाणे. झाकण लावून हलवा. पंधरा मिनिटं थांबा.
मीठ काचेला चिकटलं? मग धान्य ओलं आहे. परत उन्हात.
नाही चिकटलं? तरी आणखी एक दिवस वाळवा. आणि सावलीत गार झाल्यावरच भरा.
आता आतली पिशवी फुगवून दाबा. कुठून हवा सुटतेय का? सुटत असेल तर ती नको.
धान्य भरा, वरची हवा दाबून काढा. आतल्या पिशवीला पीळ, दुमड, घट्ट गाठ. मग दुसरीला. मग पोत्याला.
आणि हो, आज बांधलं आणि परवा डोकावलं, असं नको! उघडलं की हवा आत, कीड परत जिवंत."

"आणखी एक दिवस" हे वाक्य बघ, काकांना तेच खटकतंय. मीठ चिकटलं नाही तर आणखी ऊन कशाला, म्हणतात. पण मिठाची परीक्षा ढोबळ आहे: ओलावा साधारण पंधरा टक्क्यांच्या वर असला तरच ती ओरडते. साठवायला तेराच्या आसपास लागतो. मधल्या दोन टक्क्यांत मीठ गप्प बसतं, आणि त्या मावशींचा हरभरा तिथेच नसेल कशावरून? ओलावा मोजायचं यंत्र संस्थेत एकच आहे, ते सगळ्यांच्या घरी कसं जाणार? म्हणून तो जादा दिवस. हे कारण रीलमध्ये सांगायला जागा नाही, नुसतं ऊन दाखवायचं. आवाज बंद असणाऱ्यांसाठी "मीठ चिकटलं = ओलं" एवढंच पडद्यावर मोठ्या अक्षरांत.

खरं भांडण वेगळंच आहे. काका म्हणतात जुना रील काढू नको, नवा वेगळा टाकू, नाहीतर लोकांना पिशवीचाच संशय येईल. मी म्हणते, जुना फोनाफोनी फिरतच राहणार, नव्याच्या पहिल्या वाक्यातच सांगू की मागच्या वेळी आम्ही एक शब्द गाळला. ते म्हणाले, "चूक तुझी, नाव संस्थेचं." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तुला सुचलं तर कळव, पण सभ्य भाषेत.

मावशींना मी म्हटलं, कॅमेऱ्यासमोर बाटली तुम्हीच हलवा. म्हणाल्या, "हलवते, पण तोंडाने काही म्हणणार नाही." फार बरं झालं.

तुझी बदली मिळाली का? लेकीचा निकाल? दोन्ही पत्रांत तू विचारलंस ते मी वाचलंय, पुढच्या वेळी नीट लिहिते, शप्पथ. भावजीशी बोलणं झालं की नाही तेवढं एका ओळीत कळव.

शूटिंग गुरुवारी आहे, त्याआधी फोन कर. टेम्पोवर "भरा"च्या आधी जागाच उरलेली नाही. पेंटर म्हणतो, चौथा शब्द वर, खिडकीच्या काचेवर लिहितो. मी हो म्हटलंय.

तुझी,
सुमी