गळपट्टीचे 84 टाके : काकूंना आभाराचं पत्र

प्रिय काकू,

सा. न.

भाच्याचा स्वेटर पूर्ण झाला, दोनदा धुऊनही झाला आणि गळपट्टी अजून सपाट बसते आहे. तुमचे आभार फोनवर मानले असते, पण आपल्या दुपारच्या विणकामाच्या गटातल्या बऱ्याच जणींनी "काकूंनी नक्की काय सांगितलं ते लिहून दे" असं म्हटलं. म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे. हिशेब तुमचा आहे, मी फक्त तो कागदावर उतरवते.

माझ्याकडच्या नमुन्याच्या कागदावर गळ्यापाशी एकच ओळ होती : "गळ्याभोवती 92 टाके उचलून दोन सुलट दोन उलटची पट्टी विणा." ते 92 कुठून किती घ्यायचे, याचा पत्ता नाही. तुम्ही तो कागद वाचून बाजूला ठेवलात आणि आधी विचारलंत, "दहा सेंटीमीटरमध्ये तुझे टाके किती आणि ओळी किती?" गळ्याचं काम माप घेऊन सुरू करताना मी पहिल्यांदाच कुणाला पाहिलं.

9 नंबरच्या सुयांवर माझे दहा सेंटीमीटरमध्ये 24 टाके आणि 32 ओळी बसत होत्या. तुम्ही म्हणालात, 24 भागिले 32 म्हणजे पाऊण. म्हणून उभ्या काठावर चार ओळींना तीन टाके. एका ओळीची उंची एका टाक्याच्या रुंदीपेक्षा कमी असते. प्रत्येक ओळीला एक टाका उचलला तर काठाच्या लांबीत मावणार नाहीत इतके टाके होतात आणि पट्टी परकराच्या झालरीसारखी फुलते. फार कमी घेतले तर उलट होतं : पट्टी अंगाचं कापड ओढते, काठाला चुण्या पडतात आणि उचललेल्या जागी भोकं ताणली जातात. "चाराला तीन" मी याआधी ऐकलं होतं, पण ते आपल्या लोकरीच्या मापातून येतं हे तुमच्याकडून कळलं. 20 टाके आणि 28 ओळी असं माप आलं तर तेच प्रमाण सात ओळींना पाच टाके होईल.

पण तुमची खरी शिकवण त्याच्या पुढची होती. गोल गळ्याचा काठ एका जातीचा नसतोच. तुम्ही स्वेटर मांडीवर पसरलात, सेफ्टी पिना लावून गळ्याचे तुकडे पाडलेत आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा हिशेब केलात.

पुढच्या भागात मधले 20 टाके मी पिनेवर ठेवले होते. दोन्ही बाजूंना एकाआड एक ओळीला एक टाका असे सहा टाके कमी केले, म्हणजे 12 ओळींचा उतार, आणि त्यावर खांद्यापर्यंत 8 सरळ ओळी. पाठीचे 32 टाके तसेच जाड दोऱ्यावर होते. पिनेवरच्या आणि दोऱ्यावरच्या टाक्यांत प्रश्नच नाही, एकाला एक. ते मुद्दाम बंद करायचे नाहीत असं तुम्ही म्हणालात, कारण लहान मुलाच्या डोक्यातून गळा जाताना तिथे ताण मिळायला हवा. मोठ्या माणसाच्या जड स्वेटरला मात्र पाठीचे टाके बंद करून मग त्यांतून उचलावेत, म्हणजे गळा मागे ओघळत नाही, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. ते मी वहीत अधोरेखित केलं आहे.

सरळ 8 ओळींचे चाराला तीन या हिशेबाने 6 टाके. उताराच्या 12 ओळींचेही मग 9 व्हायला हवेत, असं कुणालाही वाटेल. तुम्ही टेप लावून दाखवलंत. त्या 12 ओळींची उंची पावणेचार सेंटीमीटर, पण काठ तिरका. तो अडीच सेंटीमीटर बाजूलाही सरकतो, त्यामुळे त्याची खरी लांबी साडेचार सेंटीमीटर भरते. साडेचार सेंटीमीटरमध्ये माझे जवळजवळ 11 टाके बसतात. तुम्ही 10 घ्यायला सांगितलंत, एक कमी, कारण पट्टी गळ्याच्या आत विणत जाते, तिथे घेर लहान होत जातो आणि रिबने थोडं ओढून धरलेलं चांगलंच. लहान मुलाच्या गळ्यात 9 आणि 10 हा एकाच टाक्याचा फरक आहे. मोठ्याच्या स्वेटरला उतार 24 ओळींचा असला तर तोच फरक तीन-चार टाक्यांचा होतो आणि नेमका वळणावर चुणी बनून दिसतो. माझ्या मते गोल गळ्याच्या निम्म्या तक्रारी या उतारातूनच येतात.

म्हणजे एका बाजूचे 16, मधले 20, दुसऱ्या बाजूचे 16, पाठीचे 32. एकूण 84. चाराने भाग जातो, म्हणून दोन सुलट दोन उलटला अगदी बरोबर. कागदावरच्या 92मधले आठ टाके जास्तीचे होते, आणि ते कुठे कोंबायचे हे कागदालाही ठाऊक नव्हतं.

आता प्रत्यक्ष उचलण्याबद्दल. दोन्ही खांदे शिवलेले, सुलट बाजू आपल्याकडे, सुरुवात घालणाऱ्याच्या डाव्या खांद्यापासून. 12 नंबरच्या बारीक सुईने उचलायचं आणि पट्टी दोन्हीकडे टोकं असलेल्या 11 नंबरच्या चार सुयांवर गोल विणायची. काठाचा धागा नुसता सुईवर चढवायचा नाही. सुई काठापासून एक पूर्ण टाका आत घालायची, लोकरीचा वेढा द्यायचा आणि तो पुढे ओढून नवा टाका करायचा. काठाचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात, दर ओळीला एक. तेच मोजायचे. अर्धा टाका आत सुई घातली तर काठाचा सैल भाग ताणला जातो आणि पट्टीच्या मुळाशी जाळी दिसते. गटात दोघींच्या जुन्या स्वेटरवर तुम्ही ती बोट ठेवून दाखवलीत.

सरळ भागात तीन उचला एक सोडा, तीन उचला एक सोडा. उतारावर पाच उचला एक सोडा, पुन्हा पाच उचला एक सोडा. उजवीकडे वर चढताना हाच क्रम बरोबर उलटा करायचा : एक सोडून पाच, एक सोडून पाच, मग एक सोडून तीन, एक सोडून तीन. तसं केलं की सोडलेल्या जागा दोन्ही बाजूंना समोरासमोर येतात. बेरीज दोन्हीकडे सारखी असली तरी सोडलेल्या ओळी एकीकडे दाटीने आल्या तर रिबच्या रेघा तिरक्या पडतात, आणि मग बेरीज कितीही तपासली तरी दोष सापडत नाही.

टाका कमी केलेल्या ठिकाणी एक मोठी फट दिसते. सुई सहज जाते म्हणून हात तिकडेच वळतो. ती टाळून शेजारच्या घट्ट जागेतून घ्यायचं.

राहिले चार कोपरे : दोन समोर, जिथे पिनेवरचे टाके संपून उतार लागतो, आणि दोन खांद्यांपाशी. तिथे भोक पडतंच. तुम्ही प्रत्येक कोपऱ्यात एक जादा टाका उचलायला लावलात, म्हणजे सुयांवर 88 झाले, आणि पहिल्याच फेरीत तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणून पुन्हा 84 केले.

इथे तुमची जी युक्ती होती ती मी कुठेही वाचलेली नाही. फेरीची सुरुवात दोन सुलटने करायची नाही, एका उलट टाक्याने करायची : एक उलट, दोन सुलट, दोन उलट, असं करत शेवट पुन्हा एका उलटने. माझे चारही तुकडे 16, 20, 16, 32 असे चाराच्या पटीतले, त्यामुळे प्रत्येक तुकडा उलट टाक्याने सुरू होऊन उलट टाक्याने संपतो. सगळे कोपरे उलट टाक्यांच्या खाचेत येतात आणि एकत्र विणलेला जादा टाका त्या खाचेत लपतो. शिवाय पुढच्या 20 टाक्यांच्या बरोबर मधोमध दोन सुलट टाक्यांची उभी रेघ येते. दोन सुलटने सुरू केलं असतं तर गळ्याचा मध्य सुलट आणि उलटच्या सीमेवर आला असता, आणि समोरून पाहणाऱ्याला पट्टी एकीकडे सरकल्यासारखी वाटली असती.

तीन-चार फेऱ्या झाल्यावर तुम्ही स्वेटर टेबलावर सपाट ठेवायला सांगितलंत. पट्टी वर उठली तर टाके जास्त, अंगाचं कापड आवळलं तर कमी. आणि एवढ्यावरच कळलं तर उसवायला फक्त तीन-चार फेऱ्या असतात. माझी पट्टी पडून राहिली. मग आठ फेऱ्या, साधारण अडीच सेंटीमीटर, आणि टाके बंद करताना पुन्हा 9 नंबरची जाड सुई, सुलटवर सुलट आणि उलटवर उलट. लोकर कापायच्या आधी भाच्याच्या डोक्यातून घालून पाहायची ही तुमची अटही पाळली. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण 51 सेंटीमीटरचं आणि न ताणलेली पट्टी 35ची, त्यामुळे शेवटची ओळ सैल नसती तर बाकी सगळं बरोबर असूनही स्वेटर डोक्यावरच अडकला असता.

काकू, तुम्ही त्या दुपारी तुमचं स्वतःचं विणकाम बाजूला ठेवून, चष्मा पुसत, एकेक आडवा धागा सुईच्या टोकाने मला मोजून दाखवलात. माझ्या हातातून सुया घेऊन तुम्ही स्वतः उचलून टाकले असते तर पाच मिनिटांत झालं असतं. तुम्ही ते केलं नाहीत, आणि म्हणून आता बहिणीच्या स्वेटरचा गळा मी तिच्या लोकरीच्या मापावरून स्वतः मांडला आहे.

तिच्या जाकिटाचा काठ मात्र सगळ्या ओळी सुलट अशा विणीचा आहे. त्या विणीत ओळी दबून बसतात, म्हणून दोन ओळींना एक टाका, म्हणजे दर उंचवट्याला एक, असा हिशेब मी धरला आहे. बुधवारी गटात घेऊन येते. पिना लावलेल्याच असतील, तेवढं उचलायच्या आधी एकदा नजरेखालून घाला.

तुमची,
गळपट्टीवाली