प्रवासात काय खाल्लं तरी चालेल, तेही सांगा ना

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्ट्या लागल्यात, एसटी स्टँड आणि हायवेवरचे थांबे गच्च भरलेत, आणि दरवर्षीप्रमाणे सगळीकडून एकच सल्ला येतोय की उघड्यावरचं खाऊ नका. सल्ला बरोबरच आहे पण त्याचा उपयोग फार होत नाही, कारण पुण्याहून कोकणात निघालेली गाडी दुपारी दोन वाजता स्टँडवर थांबली आणि सोबत लहान पोरं असली की माणूस काहीतरी घेणारच. सगळंच टाळा म्हटलं की लोक काहीच टाळत नाहीत. मी जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे नेमकं काय टाळायचं आणि काय बिनधास्त घ्यायचं हे थोडं खुलासेवार लिहितो.

गाडीवरच्या कुठल्याही पदार्थाबद्दल एकच बघायचं, त्याला शेवटचा चटका कधी बसला आणि त्यानंतर त्याला काय काय लागलं. तळलेला, उकळलेला पदार्थ समोर गरमागरम हातात आला तर त्यातले बहुतेक जंतू मेलेले असतात. बर्फ, कापलेली फळं आणि हिरवी चटणी या तिन्हींना चटका बसतच नाही, आणि तिन्हींत कुठलंतरी कच्चं पाणी असतं.

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बर्फाकडे. बर्फाच्या कारखान्यात पत्र्याच्या लांबट डब्यांत पाणी भरून ते डबे मिठाच्या गार पाण्यात सोडतात, आणि त्याची लादी होते. मासळी गार ठेवायला लागणारा बर्फ पिण्याच्याच पाण्याचा असतो असं नाही, म्हणून 2018 मध्ये नियम आला की खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंग टाकूनच विकायचा. त्यामुळे सरबताच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर सरळ पुढे चालू लागायचं. पण पांढरा आहे म्हणजे चांगला असं मात्र अजिबात समजू नका, रंग टाकलाच नसेल तर नुसतं बघून आपल्याला काही कळणार नाही. आणि समजा कारखान्यात पाणी चांगलं वापरलं, तरी पुढे ती लादी टेम्पोतून येते, गोणपाटात गुंडाळलेली असते, फुटपाथवर टेकवून सळईने फोडतात आणि फोडलेले तुकडे त्याच हाताने ग्लासात पडतात ज्या हाताने सुट्टे पैसे घेतलेले असतात. एकदा दहा मिनिटं लांब उभं राहून हे सगळं बघा.

लोकांना वाटतं गोठलं की जंतू मरतात. तसं होत नाही. टायफॉइडचे जंतू, काविळीचे विषाणू बर्फात टिकून राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. लिंबू पिळलंय, मीठ टाकलंय, सोडा आहे म्हणून चालेल असंही नाही, ग्लास संपायला लागणाऱ्या पाच मिनिटांत लिंबाने एवढं काही होत नाही. म्हणून उसाचा रस घ्यायचाच तर बिनबर्फाचा सांगा, तरी मशीन आणि ऊस कशाने धुतलाय हा प्रश्न उरतोच, त्यामुळे माझं मत विचाराल तर रसापेक्षा शहाळं घ्या, समोर फोडून लगेच प्यायचं. सीलबंद बाटलीतला सोडा गार असला की बास, त्यात वरून बर्फ टाकून घेऊ नका.

आता कलिंगडाची प्लेट. आख्ख्या कलिंगडाच्या आत जंतू सहसा नसतात, ते असतात सालीवर, कारण ते शेतात मातीत पडलेलं असतं. साल न धुता सुरी चालवली की सुरीबरोबर जंतू आत जातात, आणि कलिंगड, पपई, खरबूज ही फळं आंबट नसल्यामुळे त्यांना तिथे वाढायला अगदी सोयीचं असतं. सकाळी दहाला कापून काचेच्या पेटीत ठेवलेली प्लेट आपण दुपारी दोनला घेतो. उन्हाळ्याच्या गरमीत जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं तर चार तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे अडीचशे पटीच्या वर. आणि फळ ताजं दिसावं म्हणून त्यावर बर्फाचा तुकडा ठेवलेला असतो, त्याचं पाणी सगळं फळांवरच गळत असतं. म्हणजे गार दिसतं म्हणून जिथे आपण हात पुढे करतो तिथेच गडबड आहे. कडक उन्हात कापलेलं फळ तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलं असेल तर नको. केळी, संत्री, मोसंबी घ्या, साल आपणच काढायची, फक्त आधी हात धुवायचे.

चटणीत मात्र फरक करा. चिंच-गुळाची चटणी नीट उकळलेली, घट्ट आणि आंबट असेल तर ती त्यातल्या त्यात बरी, पण संपत आली की तिच्यात पाणी ओतून वाढवतात, तिथे सगळं मुसळ केरात. हिरवी चटणी म्हणजे मातीतली कोथिंबीर आणि पुदिना कच्च्या पाण्यात वाटलेला आणि दिवसभर उघडा ठेवलेला, ती प्रवासात नकोच. पाणीपुरीचं पाणी तर त्याच्याही पुढचं, मडक्यात हात बुडतो तो दिवसभर. वडापाव खायचाय ना, मग खुशाल खा, कढईतून निघालेला वडा आणि त्यावर लसणाची सुकी लाल चटणी, तिच्यात पाणी नसल्यामुळे जंतूंना वाढायला वाव कमी. मिसळ घेतलीत तर रस्सा वाफाळता असू द्या आणि वरचा कापलेला कांदा नको म्हणून सांगा. चहा, गरम भजी, भाजलेले शेंगदाणे, भाजलेलं कणीस, हे सगळं चालतं, फक्त कणसावर ते सगळ्यांना फिरवलेलं मसाल्यातलं लिंबू घासू देऊ नका.

अजून एक गोष्ट लोकांना सांगायला हवी. पोट बिघडलं की आपण शेवटी खाल्लेल्या पदार्थाला दोष देतो, "त्या तेलकट वड्यानेच झालं" म्हणतो. साधे जुलाब बऱ्याचदा एक ते तीन दिवसांनी सुरू होतात, टायफॉइडचा ताप एक ते तीन आठवड्यांनी येतो आणि दूषित पाण्याची कावीळ तर महिनाभराने दिसते. तोवर तो बर्फाचा गोळा कोणाच्या लक्षातही नसतो, म्हणून बर्फ कायम सुटतो आणि वडा बदनाम होतो. आणि गरोदर बायकांना काविळीचा ई प्रकार जिवावर बेततो, त्यांच्या बाबतीत तर बर्फाला कोणीही आग्रह करू नये.

गाडीवाल्यांवर माझा राग नाही, त्यांना स्टँडवर साधा चालू नळ मिळत नाही, एका बादलीत दिवस काढायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार. एसटीने आणि नगरपालिकांनी प्रत्येक स्टँडवर गाड्यांच्या रांगेला क्लोरीन टाकलेल्या पाण्याचा एक नळ द्यावा, आणि बर्फ लायसन्सवाल्या कारखान्यातून घेतल्याची पावती अन्न खात्याने उन्हाळ्यात गाड्यांवर येऊन बघावी. तुमच्या वार्ताहरांनी आपल्या जिल्ह्यातल्या स्टँडवर बर्फ नेमका कुठून येतो एवढं शोधून छापलं तरी खूप होईल.

– एक नियमित वाचक