इंटर्नशिपच्या अर्जातल्या शेवटच्या चौकटीबद्दल

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’च्या चौकटीसाठी लिहिलेला तुझा मसुदा वाचला. फोनवर सगळं सांगून झालं नसतं, म्हणून लिहायला बसले.

मी ऑफिसात असे अर्ज चाळते, तेव्हा आधी रेझ्युमे बघते आणि मग या चौकटीकडे येते. तोवर एक-दोन प्रश्न मनात उभे राहिलेले असतात. पहिल्या वर्षाच्या मुलीच्या बाबतीत ते ठरलेलेच: हिला अजून काय येत असणार, आणि ही नेमकी कधी मोकळी आहे? तुझ्या मसुद्यात ‘मी मेहनती आहे, शिकण्याची प्रचंड आवड आहे’ अशी सात वाक्यं आहेत, पण या दोन प्रश्नांची उत्तरं नाहीत. आत्याच्या डब्यांची बिलं काढणारा प्रोग्राम तर तू रेझ्युमेत एका ओळीत उरकलास आणि इथे त्याचं नावही नाही. मला विचारशील तर तुझ्या अख्ख्या अर्जातली सर्वांत भक्कम गोष्ट तीच आहे. कोणीतरी तो रोज वापरतं आहे, आणि बिल चुकलं तर गिऱ्हाईक भांडायला येतं.

तू इंग्रजीतच लिहिशील. मला अपेक्षित असलेला मजकूर साधारण असा:

‘मी संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे, पदवी २०२९ मध्ये पूर्ण होईल. अर्जातला सीजीपीए फक्त पहिल्या सत्राचा आहे. घरगुती डब्यांच्या व्यवसायासाठी मी पायथॉनमध्ये महिन्याची बिलं काढणारा प्रोग्राम लिहिला असून सुमारे ४० ग्राहकांची बिलं त्यावर निघतात. खाडे आणि अर्धा डबा तो धरतो. महिन्याच्या मध्येच दर बदलला तर अजून चुकतो, ती दुरुस्ती सुरू आहे. जँगो मी शिकलेले नाही. ८ जून ते १७ जुलै पूर्ण वेळ पुण्यातल्या ऑफिसात येऊ शकते.’

खाली प्रोग्रामची लिंक. बस, एवढंच.

दर बदलल्यावर बिल चुकतं हे लिहायला तू कचरशील, पण ते वाक्य काढू नकोस. प्रोग्राम कुठे अडतो हे ज्याला नेमकं सांगता येतं त्याने तो स्वतः लिहिला आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. मुलाखतीत पहिला प्रश्नही बहुधा त्यावरच येईल, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे. जँगोचा उल्लेख मात्र जाहिरातीत ते मागितलंय म्हणून. न मागितलेल्या, न येणाऱ्या गोष्टींची यादी देण्यात अर्थ नाही.

लिंकचं काम सर्वांत आधी कर, कारण तिथे मला खरी काळजी वाटते. गिटहबवरची तुझी रेपॉझिटरी प्रायव्हेट आहे. तुला ती दिसते, पण दुसऱ्या कोणाला ४०४ चं पान दिसेल. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघ, लगेच कळेल. पण म्हणून आहे तीच पब्लिक करू नकोस! तिच्यात आत्याच्या ग्राहकांची खरी नावं आणि फोन नंबर असलेली सीएसव्ही फाइल आहे. ती फाइल आज डिलीट केलीस तरी जुन्या कमिटमध्ये तशीच राहते आणि कोणालाही काढून बघता येते. त्यापेक्षा नवी रेपॉझिटरी बनव, फक्त कोड घे, आणि दहा-बारा खोट्या नावांची नमुना फाइल जोड. रीडमीमध्ये प्रोग्राम कसा चालवायचा ते दोन ओळींत लिही. आत्यालाही विचारून घे, तिचा व्यवसाय आहे.

तारखा लिहिण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक बघ. प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा लांबतात, म्हणून शेवटच्या पेपरनंतर आठवडाभर मोकळा सोड. प्लेसमेंट सेलमध्येही चौकशी कर. काही कंपन्या कॉलेजचं ना हरकत पत्र मागतात, आणि पहिल्या वर्षाला ते मिळतं का हे आत्ताच कळलेलं बरं.

मजकूर वर्डमधून चिकटवलास तर ठळक अक्षरं आणि बुलेट बऱ्याचदा उडतात, म्हणून साधे परिच्छेद ठेव. दुसऱ्या कंपनीला हाच मजकूर पाठवताना जँगोचं वाक्य आणि शहर बदलायला विसरू नकोस.

अर्जाची मुदत शुक्रवारची आहे. बुधवारी रात्रीपर्यंत नवी लिंक मला पाठव, मी माझ्या फोनवर उघडून बघते.

तुझी,
आई